व्याज येते कुठून?

जुलै १९७५मध्ये कलकत्त्याच्या फॅन्सी लेनमध्ये तिघा भागीदारांनी ‘संचयिता इन्व्हेस्टमेंट्स’ नावाची पेढी काढली. तिघांचे मिळून भांडवल होते ७,००० रुपये. धंदा कागदावर अगदी साधा होता. लोकांकडून मुदतीच्या ठेवी घ्यायच्या, त्यावर दरसाल १२ टक्के व्याज द्यायचे आणि जमलेला पैसा गुंतवून वरचा नफा आपल्याकडे ठेवायचा. त्या काळी बँकेतल्या लांब मुदतीच्या ठेवीवर १० टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत असे. खासगी पेढीने दोन टक्के जास्त दिले, तर त्यात वावगे काही वाटण्याजोगे नव्हते.

डिसेंबर १९८०मध्ये पश्चिम बंगाल सरकारच्या एका अधिकाऱ्याने या पेढीविरुद्ध फिर्याद दिली, तेव्हा मात्र वेगळेच चित्र पुढे आले. फिर्यादीनुसार पावतीवर १२ टक्के लिहिलेले असले, तरी ठेवीदारांना प्रत्यक्षात दरसाल ४८ टक्के मिळत होते. अलीकडे हा दर ३६ टक्क्यांवर आणला होता. म्हणजे पावतीवर दिसणाऱ्या व्याजाच्या तीन ते चार पट पैसा लोकांच्या हातात पडत होता आणि तोही पाच वर्षांहून अधिक काळ.

पाच वर्षे व्याज मिळत राहिले, हीच ठेवीदारांच्या लेखी सगळ्यात मोठी खात्री होती. शेजाऱ्याला मिळाले, मेव्हण्याला मिळाले, मग आपल्याला का मिळणार नाही? पण व्याज मिळाले यावरून एवढेच कळते की त्या दिवशी पेढीकडे रोकड होती. ती रोकड धंद्यातल्या कमाईची होती की काल आलेल्या नव्या ठेवीदाराच्या मुद्दलाची, हे व्याज घेणाऱ्याला कळत नाही. जादा व्याज देणारी पेढी पुढे पैसे परत करू शकेल की नाही, याच्या साऱ्या खुणा या एकाच प्रश्नाभोवती फिरतात: हे व्याज येते कुठून?

एक कोटीचा हिशोब

संचयिताची वह्या-खाती बाजूला ठेवून एक काल्पनिक पेढी घेऊ. तिने एक कोटी रुपयांच्या ठेवी घेतल्या आणि दरसाल ४८ टक्के व्याज कबूल केले. पेढीचा मालक लबाड नाही असेही धरू. त्याने तो सगळा पैसा व्यापाऱ्यांना १८ टक्क्यांनी कर्जाऊ दिला आणि एकही कर्ज बुडाले नाही. कार्यालयाचे भाडे नाही, नोकरांचे पगार नाहीत, एजंटांचे कमिशन नाही, असे सगळे त्याच्या बाजूने मानू.

पहिल्या वर्षी त्याला ठेवीदारांना ४८ लाख द्यायचे आहेत आणि कर्जांवर १८ लाख मिळाले आहेत. तीस लाख कमी पडले. ते तो नव्या ठेवींतून भागवतो. आता ठेवी झाल्या एक कोटी तीस लाख, पण कमाई करणारा पैसा एक कोटीच राहिला, कारण नवे तीस लाख व्याजात वाटून झाले.

दुसऱ्या वर्षी व्याज द्यायचे ६२ लाख ४० हजार आणि मिळकत तीच १८ लाख. तूट ४४ लाख ४० हजार. ती भरल्यावर ठेवी एक कोटी ७४ लाखांवर जातात. तिसऱ्या वर्षी तूट साधारण ६६ लाखांची आणि वर्षअखेरीस ठेवी दोन कोटी ४० लाख. त्या वेळी पेढीकडे वसूल होण्याजोगी रक्कम आहे ती तीच एक कोटीची कर्जे.

या तीन वर्षांत प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक हप्ता ठरल्या दिवशी मिळाला आहे. कुणाची तक्रार नाही. पेढीचे नाव गावभर झाले आहे. आणि तरीही त्या दिवशी सगळ्यांनी मुद्दल परत मागितले, तर रुपयामागे जेमतेम ४२ पैसे हाती येतील. हीच पेढी पहिल्या वर्षअखेरीस बंद पडली असती तर एक कोटी तीस लाखांच्या देण्यासमोर एक कोटी शिल्लक होते. रुपयाला ७७ पैसे तरी मिळाले असते. पेढी जितकी जास्त काळ ‘व्यवस्थित’ चालते, तितका खड्डा खोल जातो.

यातून एक खूण निघते. ती प्रत्येकाला घरबसल्या तपासता येते. पेढी जो दर देते त्यावर तिचा खर्च चढवायचा. समजा, आज कुणी २४ टक्के देऊ करतो. एजंटाला तीन टक्के, भाडे-पगाराला चार टक्के, बुडीत कर्जांपोटी पाच टक्के धरले, तर पेढीला आपला पैसा निदान ३६ टक्क्यांनी फिरवावा लागेल, तेव्हा कुठे ती ना नफा ना तोट्यात येईल. आता विचारायचे, ३६ टक्क्यांनी मोठी रक्कम कर्जाऊ घेणारा कोण? ज्याच्याकडे सोने, घर किंवा चालता धंदा तारण ठेवायला आहे, त्याला बँक त्याच्या कितीतरी खाली कर्ज देते. मग उरतात ज्यांना बँकेने दारातूनच परत पाठवले ते. त्यांची कर्जे पाच टक्क्यांवर बुडून थांबत नाहीत. दर जितका चढा, तितकी कर्जदारांची प्रत खालावत जाते. म्हणून प्रामाणिकपणे चालवली तरी अशी पेढी सहसा टिकत नाही.

मालक यावर उत्तर देतो, की पैसा कर्जात नाही, शेअर बाजारात आहे, जमिनीत आहे, परकीय चलनात आहे, सोन्याच्या आयातीत आहे. उत्तर कोणतेही असो, या धंद्यांचा नफा वर्षागणिक वरखाली होतो. तोट्याच्या महिन्यातही ठरलेला दर ठरलेल्या तारखेला द्यायचा म्हटले, तर तो पैसा त्या धंद्याबाहेरूनच यावा लागतो. चढ-उतार होणाऱ्या धंद्यातून कधीच न हलणारे व्याज मिळत असेल, तर त्या स्थिरपणावरच संशय घ्यावा.

पावतीबाहेरचे व्याज

संचयिताची दुसरी खूण त्या दोन दरांत होती. सगळेच व्याज पावतीवर लिहिले असते तर काय बिघडले असते? पेढीच्या बाजूने पाहिले की कारण उमगते. पावतीवर १२ टक्के असले की वह्यांत धंदा वाजवी दिसतो. कुणी तपासणी केली तर कागद स्वच्छ असतात. वरच्या रकमेची नोंद नसल्याने ती कोणत्या पैशातून दिली, हेही विचारता येत नाही.

ठेवीदाराच्या बाजूने परिणाम याहून वाईट असतो. रोखीत मिळालेले वरचे व्याज तो बहुधा प्राप्तिकराच्या विवरणात दाखवत नाही. एकदा ते दडवले की तो पेढीच्या गुपितात सामील होतो. पुढे पैसे अडकले तर पोलिसांकडे जायला तो कचरतो, कारण पहिला प्रश्न त्यालाच विचारला जाईल. आणि गेलाच, तर मागणार काय? त्याच्या हातातला कागद बारा टक्क्यांचाच आहे.

आज रोख पैशाची थैली घेऊन एजंट दारी येईलच असे नाही. पण पावतीबाहेरचा मोबदला वेगवेगळ्या रूपांत भेटतो. ठेव ठेवतानाच एजंट आपल्या कमिशनातले दोन-तीन टक्के परत देतो. ‘स्वागत भेट’ म्हणून सोन्याचे नाणे मिळते. व्याजाचा काही भाग मूळ कंपनीच्या नव्हे, तर तिच्या मालकाच्या दुसऱ्याच कंपनीच्या खात्यातून येतो. किंवा ठेवीची रक्कम कागदावर ‘ठेव’ नसून ‘जमीन खरेदीची आगाऊ रक्कम’, ‘भागीदारीतील हिस्सा’ किंवा ‘मालाच्या ऑर्डरपोटी अनामत’ म्हणून लिहिलेली असते. शेवटचा प्रकार सगळ्यात घातक. तुम्ही ठेव ठेवली असे समजत असता आणि कागद सांगत असतो की तुम्ही धंद्यातला धोका पत्करला आहे.

इथे तपासणी सोपी आहे. तोंडी सांगितलेला दर आणि पावतीवरचा दर ताडून पाहा. पैसे कोणत्या नावाने घेतले आणि व्याज कोणत्या नावाने आले, हे बँक पासबुकात बघा. दोन्हींत फरक असेल तर एजंटाने कितीही गोड कारण दिले तरी ते मानू नका. कायदेशीर धंदा करणाऱ्याला आपला दर लपवावा लागत नाही.

पैसे परत मागताना

संचयिताच्या अटींत एक गोष्ट आकर्षक होती. मुदतीआधी कधीही ठेव काढता येत असे आणि त्यासाठी फक्त एक टक्का व्याज कमी मिळे. नव्या ठेवी ओघाने येत असतात तोवर अशी अट पाळणे पेढीला कठीण जात नाही. उलट, ‘वाटेल तेव्हा काढून घ्या’ म्हटल्याने माणूस काढत नाही. जो काढतो त्याला तत्काळ पैसे मिळाल्याची बातमी नवे दहा ठेवीदार आणते. म्हणून सुरुवातीच्या काळात सहज पैसे परत मिळणे ही पेढी सुदृढ असल्याची खूण नव्हे.

खूण असते ती या वागण्यातल्या बदलात, आणि हा बदल ठराविक क्रमाने येतो. आधी मुदत संपलेल्या ठेवींवर दबाव येतो. ‘आता काढू नका, पुढच्या महिन्यापासून नवी योजना आहे, रिन्यू केलीत तर अर्धा टक्का जास्त’ असे फोन येऊ लागतात. ज्याला देणी फेडायची चिंता नाही, तो जुन्या ठेवीदाराला थांबवण्यासाठी इतका आटापिटा करत नाही. मुद्दल बाहेर जाऊ नये म्हणून ही धडपड चाललेली असते.

त्यानंतर तारखा सरकतात. एक तारखेला येणारे व्याज दहाला येते, मग पंधराला. कारणे नेहमी बाहेरची असतात: सर्व्हर बंद पडला, बँकेने खाते गोठवले, ऑडिट सुरू आहे, मोठा व्यवहार अडकला आहे. पुढच्या तारखांचे धनादेश दिलेले असतील तर ‘बँकेत टाकू नका, मी सांगतो तेव्हा टाका’ अशी विनंती येते. ही विनंती म्हणजे खात्यात पैसे नसल्याची कबुलीच होय. यापुढच्या टप्प्यात रोख रकमेऐवजी काहीतरी दुसरे देऊ केले जाते. मुद्दलाच्या बदल्यात फ्लॅट, प्लॉट, कंपनीचे शेअर किंवा ‘प्राधान्य प्रमाणपत्र’. हा प्लॉट कुणाच्या नावावर आहे, त्यावर आधीचा बोजा आहे का, हे सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर पाहिल्याशिवाय कुणीही मान डोलावू नये.

दरातला बदलही याच रांगेत येतो, पण तो वाचताना जरा सावध राहावे लागते. संचयिताने ४८चे ३६ केले ते कशामुळे, हे बाहेरच्या माणसाला सांगता येत नव्हते. दर उतरवणारी पेढी खर्चाला आवर घालत असेल. बाजारातले व्याज उतरत असताना अचानक दर चढवणारी किंवा ‘फक्त या आठवड्यापुरती’ योजना आणणारी पेढी मात्र बहुधा एकाच कारणाने तसे करते. तिला या आठवड्यातच रोकड हवी असते.

पाटी आणि परवाना

फसलेल्या ठेवीदारांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: ‘त्यांच्याकडे रिझर्व्ह बँकेचे सर्टिफिकेट होते.’ ते खोटे नसते. फक्त ते सर्टिफिकेट कशाचे, हे पाहिलेले नसते. रिझर्व्ह बँकेकडे नोंदवलेल्या बिगर-बँक वित्तीय कंपन्या हजारोंनी आहेत. त्यांतल्या बहुसंख्य कंपन्यांना फक्त कर्ज देण्याचा धंदा करता येतो. लोकांकडून ठेवी घेण्याची त्यांना मुभाच नाही. ठेवी घेऊ शकणाऱ्या कंपन्यांची वेगळी, छोटी यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते. कंपनीचे नाव त्या यादीत आहे का, एवढेच पाहायचे.

या यादीतल्या कंपन्यांवरही बंधने आहेत. त्यांना सार्वजनिक ठेवींवर वर्षाला साडेबारा टक्क्यांपेक्षा जास्त व्याज देता येत नाही आणि ठेवीची मुदत एक ते पाच वर्षांच्या आतच ठेवावी लागते. म्हणजे अशी एखादी कंपनी १८ टक्के देते असे कुणी सांगत असेल, तर एक तर ती त्या यादीत नाही किंवा ती नियम मोडते आहे. दोन्ही उत्तरे पुरेशी आहेत. आणि यादीत असली तरी रिझर्व्ह बँक ठेवीची हमी घेत नाही. पाच लाखांपर्यंतचे ठेव विम्याचे संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे, वित्तीय कंपन्यांतल्या ठेवींना नाही.

एकट्या मालकाची पेढी किंवा भागीदारी पेढी असेल तर प्रश्न याहून सोपा आहे. वित्तपुरवठ्याचा धंदा करणाऱ्या अशा पेढीला १९९७च्या दुरुस्तीपासून लोकांकडून ठेवी घेण्याला बंदीच आहे. नातेवाइकांकडून घेतलेले कर्ज यातून वगळलेले आहे. ‘अमुक फायनान्स’, मालक अमुक, असे लिहिलेल्या दुकानात ठेव ठेवायची वेळ आली, तर दर किती हा प्रश्नच उरत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक दार आहे ते पतसंस्थांचे. पतसंस्था आपल्या सभासदांकडूनच ठेवी घेऊ शकते. म्हणून ठेव ठेवायला आलेल्या कुणालाही नाममात्र वर्गणी घेऊन तिथल्या तिथे सभासद करून घेण्याची पद्धत पडली. पतसंस्थेच्या नावात कधीकधी ‘बँक’सारखा भास होणारा शब्द असतो, पाटीवर ‘शासनमान्य’ असते. पण तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते, सहकार निबंधकाची असते, आणि ठेव विमाही नसतो. अनेक राज्यांत पसरलेल्या बहुराज्य पतसंस्थेचे निबंधक तर दिल्लीत बसतात. बँकेपेक्षा बरेच जास्त व्याज देणारी पतसंस्था असेल, तर ती कर्जे कुणाला देते आणि संचालकांच्या घरच्यांची त्यात किती कर्जे आहेत, हे तिच्या वार्षिक अहवालात पाहणे सभासद म्हणून तुमचा हक्क आहे.

ताळेबंदात काय पाहावे

भागीदारी पेढी आपले हिशोब जाहीर करत नाही. संचयिताच्या ठेवीदारांना ते पाहायला मिळण्याची सोयच नव्हती. कंपनीचे मात्र तसे नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून तिचे ताळेबंद बघता येतात. ते वाचायला सनदी लेखापाल असावे लागत नाही. तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, मालकांचे स्वतःचे पैसे किती. संचयिताने कोट्यवधींच्या ठेवी घेतल्या आणि भागीदारांचा स्वतःचा पैसा होता सात हजार. मालकाची स्वतःची रक्कम ही ठेवीदारांच्या अलीकडची गादी असते. तोटा आधी तिच्यावर पडतो. ती नसेल तर पहिल्या रुपयाचा तोटाही थेट ठेवीदाराचा असतो.

दुसरी, व्याजाची आवक आणि व्याजाची जावक. नफा-तोटा पत्रकात व्याजापोटी दिलेली रक्कम मिळालेल्या व्याजापेक्षा आणि धंद्याच्या इतर खऱ्या कमाईपेक्षा जास्त असेल, तर ठेवीदारांना दिला जाणारा पैसा कमाईचा नाही. काही वेळा पत्रकात नफा दिसतो, पण तो ‘जमिनीच्या पुनर्मूल्यांकना’तून आलेला असतो. जमिनीची किंमत कागदावर वाढली म्हणून व्याजाच्या तारखेला रोकड मिळत नाही. त्यासाठी रोख प्रवाहाचे पत्रक उघडावे. धंद्यातून रोकड येण्याऐवजी वर्षानुवर्षे जातच असेल आणि ती जागा दर वर्षी वाढत्या ठेवी भरत असतील, तर एक कोटीच्या आपल्या हिशोबातली पेढी तुमच्या समोर आहे.

तिसरी, पैसे गेले कुणाकडे. ताळेबंदाच्या टिपांत ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ असा भाग असतो. तिथे संचालकाच्या पत्नीची कंपनी, मुलाचे हॉटेल, भावाचा बांधकाम प्रकल्प यांना दिलेली मोठी कर्जे असतील, तर ती कर्जे परत मागणारा आणि परत देणारा माणूस एकच आहे. लेखापरीक्षकाने अहवालात यावर शेरा मारला आहे का, हेही पाहावे. आणि कंपनीने दोन वर्षे ताळेबंदच सादर केला नसेल, तर पुढचे काही वाचायची गरज नाही.

या खुणांच्याही मर्यादा आहेत. दर वाजवी असला म्हणजे ठेव सुरक्षित, असे होत नाही. दिवाण हाउसिंग फायनान्स ही मुंबईची मोठी गृहवित्त कंपनी. ठेवी घेण्याचा तिला अधिकार होता, तिचे दर इतर वित्तीय कंपन्यांच्या आसपासचे होते आणि २०१९च्या सुरुवातीपर्यंत तिला सर्वोच्च पतमानांकन होते. मे २०१९मध्ये तिने नव्या ठेवी घेणे आणि मुदतीआधी ठेव मोडू देणे थांबवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले आणि दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अनेक ठेवीदारांना मुद्दलाचा मोठा हिस्सा गमवावा लागला. तिथे दराने काही सांगितले नाही. मुदतीआधीच्या परतफेडीचे दार बंद झाले, तेव्हा ते समजले. पण तोवर ठेवीदाराच्या हातात करण्यासारखे फारसे उरले नव्हते. म्हणून चढा दर धोक्याची खात्रीशीर खूण आहे. वाजवी दर मात्र सुरक्षिततेची खूण नाही.

कायदा कुठपर्यंत पुरतो

संचयिताविरुद्धची फिर्याद १९७८च्या ‘प्राइझ चिट्स’ आणि पैसाफिरव योजनांवर बंदी घालणाऱ्या कायद्याखाली होती. पेढीचे भागीदार न्यायालयात गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. फेब्रुवारी १९८२मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या खंडपीठाने त्या फिर्यादीवरचा तपास रद्द केला. कारण नेमके होते. त्या कायद्याला ‘नवे सभासद आले तरच तुला पैसे मिळतील’ अशी अट असलेली योजना अभिप्रेत होती. संचयिताच्या करारात अशी अट नव्हती. नवे कुणी येवो न येवो, पेढीने व्याज द्यायचे होते.

ठेवीदाराने लक्षात ठेवावे ते इथे आहे. नव्या ठेवींवर जगणे ही अशा पेढीची आर्थिक गरज असते. करारात ती लिहिलेली नसते. म्हणून करार कितीही बारकाईने वाचला तरी तो धोका दिसत नाही. त्या निकालानंतर ही फट बुजवायला रिझर्व्ह बँक कायद्यात नवे प्रकरण आले. १९८४पासून व्यक्ती आणि पेढ्यांनी किती जणांकडून ठेवी घ्याव्यात यावर मर्यादा आली आणि पुढे १९९७मध्ये बंदी. महाराष्ट्राने १९९९मध्ये ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा केला. लोक त्याला ‘एमपीआयडी’ म्हणतात. त्याखाली ठेवी परत न देणाऱ्या संस्थेची आणि तिच्या चालकांची मालमत्ता सरकार जप्त करू शकते आणि विशेष न्यायालयामार्फत ती विकून ठेवीदारांत वाटली जाते. २०१९च्या केंद्रीय कायद्याने अनियंत्रित ठेव योजना देशभर बेकायदा ठरवल्या. त्यात अशा योजनेसाठी लोकांना ओढून आणणारा एजंटही सापडतो.

पण जप्तीतून जे उरले आहे तेच वाटता येते. एक कोटी शिल्लक आणि दोन कोटी ४० लाख देणे असेल, तर सगळ्यात कार्यक्षम न्यायालयही रुपयाला ४२ पैशांपेक्षा जास्त देऊ शकत नाही. आणि ती मालमत्ता शोधणे, तिच्यावरचे दावे सोडवणे, लिलाव करणे यांत वर्षे जातात. म्हणून वर सांगितलेल्या खुणांपैकी एकही दिसली, की त्या क्षणी करायची कामे ठरलेली आहेत.

मुदत संपलेली ठेव रिन्यू करू नका. मुद्दल लेखी मागा आणि त्या पत्राची पोच घ्या, कारण पुढे देणे थकले हे सिद्ध करायला तीच तारीख लागते. मूळ पावती ‘बदलून देतो’ म्हणून परत मागितली तर देऊ नका. द्यावीच लागली तर पुढची-मागची दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवा. रोखीतले व्यवहार थांबवून पुढचे सगळे बँकेमार्फत करा. पैसे मिळाले नाहीत, तर एकट्याने मालकाच्या घरी खेटे घालण्याऐवजी पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार द्या. रिझर्व्ह बँकेच्या sachet.rbi.org.in या संकेतस्थळावरही बेकायदा ठेवींची तक्रार नोंदवता येते. तुमच्यामुळे पेढी बुडेल, बाकीच्यांचे पैसे अडकतील, असे एजंट सांगेल. कमाईपेक्षा जास्त व्याज वाटणारी पेढी तक्रारीमुळे बुडत नाही. ती आधीच बुडालेली असते. तक्रार जितकी लवकर होईल, तितके वाटायला जास्त शिल्लक राहते.